स्नायू सैल करणारी औषधं : बॅक्लोफेन, टिझानिडीन आणि डँट्रोलीन

पाठीच्या कण्याला मार लागला, अर्धांगवायू झाला की हातपाय नुसते लुळे नाही तर कडकही होतात, त्यावर ही तीन औषधं चालतात. बॅक्लोफेन आणि टिझानिडीन मज्जारज्जूत काम करतात. बॅक्लोफेन गाबा-बी रिसेप्टरवर, टिझानिडीन अल्फा-2 रिसेप्टरवर, आणि दोन्हींमुळे स्नायूंना ताणणारे संदेश कमी होतात. बॅक्लोफेन एकदम बंद करू नये, झटके आणि भास होऊ शकतात. टिझानिडीनसोबत सिप्रोफ्लॉक्सासिन घेतली तर बीपी फार खाली जातं, आणि ही गोळी आपल्याकडे जुलाबाला सर्रास घेतली जाते म्हणून सांगितलं.

डँट्रोलीनचं ठिकाण वेगळं, ते थेट स्नायूत शिरतं. स्नायू आखडायला पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर यावं लागतं, ते रायनोडीन रिसेप्टर नावाच्या दारातून येतं आणि डँट्रोलीन हे दार आवळतं. नेमकं कसं यावर अजून एकमत नाही, अलीकडच्या प्रयोगांत मॅग्नेशियमशिवाय परिणाम नीट दिसला नाही, त्यामुळे मॅग्नेशियम लागतंच हे मत जास्त पटण्यासारखं वाटतं. हृदयातलं दार वेगळ्या जातीचं, त्यामुळे हृदय बरंचसं वाचतं. गोळी रोज घेतली तर अशक्तपणा येतो (कडक पायांच्या जोरावर उभा राहणारा पेशंट बसूनच जातो) आणि लिव्हरलाही धोका, म्हणून आता त्याचं मुख्य काम मॅलिग्नंट हायपरथर्मियात, म्हणजे भुलीच्या काही औषधांनी स्नायू आखडून अंग तापतं त्या घराण्यातून येणाऱ्या जीवघेण्या आजारात.

हा आजार 1960 मध्ये मेलबर्नच्या डेनबरो आणि लव्हेल यांनी मांडला. एका तरुणाचा पाय मोडला होता, पण त्याला भीती भुलीची होती, कारण घरातले बरेच जण भूल दिल्यावर गेले होते. 1975 मध्ये हॅरिसन यांनी डुकरांवर डँट्रोलीन वापरून दाखवलं, आणि पूर्वी बहुतेक पेशंट दगावायचे ते प्रमाण पुढे खूप खाली आलं.

समजा रावेरचा 60 किलोचा तरुण केळीच्या ट्रॅक्टरवरून पडला, मांडीचं हाड मोडलं, जळगावला ऑपरेशनला घेतला. भुलीत स्नायू सैल करणारं सक्सामिथोनियम दिलं, सेव्होफ्लुरेन हा भुलीचा गॅस चालू केला. जबडा कडक झाला, नाडी धावू लागली, व्हेंटिलेटर वाढवूनही श्वासातला कार्बन डायऑक्साइड चढतच राहिला. ही सुरुवातीची खूण, ताप बऱ्याचदा मागून येतो, त्याची वाट बघत बसलं की उशीर होतो. लगेच गॅस बंद, शंभर टक्के ऑक्सिजन, आणि डँट्रोलीन किलोमागे 2.5 मिलिग्रॅम म्हणजे 150. जुन्या बाटलीत 20 मिलिग्रॅमच असतं, म्हणजे आठ बाटल्या, प्रत्येकीत 60 मिलि स्टेराइल पाणी घालून हलवत बसायचं, पावडर लवकर विरघळत नाही म्हणून एक माणूस फक्त त्याच कामाला लागतो. सलाईन वापरायचं नाही. उतार पडला नाही तर डोस पुन्हा. डँट्रोलीनसोबत व्हेरापामिल हे हृदयाचं औषध टाळायचं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं.

आपल्याकडे हे इंजेक्शन सहजासहजी मिळत नाही, त्यामुळे भुलीआधी 'घरात कोणी भूल देताना गेलंय का' हा प्रश्न आते-मामेभावंडांपर्यंत विचारावा. उत्तर हो आलं तर ट्रिगर करणारे गॅस आणि सक्सामिथोनियम टाळून प्रोपोफॉल किंवा कंबरेतली भूल देता येते. शांत झालेला झटका पहिल्या चोवीस तासांत परत उसळू शकतो, म्हणून पेशंट आयसीयूत ठेवतात आणि लघवीचा रंग बघत राहतात, चहासारखी गडद झाली तर स्नायू विरघळून किडनीवर भार येतोय असं समजायचं.