क्लोरथॅलिडोन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड: पोटॅशियम गळते, सोडियम पातळ होते

मुंबईतील कोणत्याही केमिस्टच्या दुकानात बीपीच्या जोडगोळ्यांची पाकिटे शेजारीशेजारी ठेवलेली असतात. एकीत टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड असते, तर दुसरीत क्लोरथॅलिडोन. घरात दोन्हींना ‘लघवीची गोळी’ असेच म्हणतात, आणि मात्रा दोन्हींवर बहुधा १२.५ मिलिग्रॅम अशीच छापलेली असते. त्यामुळे एक संपली म्हणून दुसरी आणली तर काही बिघडत नाही, असा समज होतो. तो चुकीचा आहे, कारण मिलिग्रॅमला मिलिग्रॅम पाहता क्लोरथॅलिडोन सुमारे दीड ते दोन पट प्रभावी असते.

थायझाइड गटातील ही दोन्ही औषधे मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकेच्या एकाच टप्प्यावर, एकाच वाहक प्रथिनाला रोखून मीठ लघवीत सोडतात. फरक टिकण्याचा आहे. क्लोरथॅलिडोन रक्तातील तांबड्या पेशींमध्ये एका विकराला चिकटून साठते आणि तेथून सावकाश बाहेर येत राहते, म्हणून त्याचे अर्धायुष्य ४० ते ६० तास भरते. हायड्रोक्लोरोथायझाइडचे मात्र ६ ते १५ तासच असते. सकाळी घेतलेल्या गोळीचा पहाटेच्या बीपीवर किती वचक राहतो, हे यावरून ठरते. शिवाय १९९१ साली वृद्धांवरील ‘शेप’ आणि २००२ साली ‘ऑलहॅट’ या ज्या मोठ्या चाचण्यांनी या गटाचे नाव केले, त्यांत क्लोरथॅलिडोनच वापरले होते. पुढे २०२१ साली मूत्रपिंडाचा आजार बराच बळावलेल्या रुग्णांमध्येही त्याने बीपी चांगले उतरवल्याचे दिसले.

तरीही ही पसंती बिनशर्त नाही, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. २०२२ साली अमेरिकेत साडेतेरा हजार ज्येष्ठ माजी सैनिकांवर दोन्ही औषधांची थेट तुलना झाली, तेव्हा हृदयविकार व पक्षाघात यांच्या प्रमाणात एकंदर फरक आढळला नाही. पोटॅशियम कमी होण्याचे प्रमाण मात्र क्लोरथॅलिडोन घेणाऱ्यांत ६ टक्के, तर दुसऱ्या गटात ४.४ टक्के होते.

पोटॅशियम कमी होते ते गळतीमुळे. वरच्या टप्प्यावर न शोषलेले सोडियम नलिकेच्या शेवटच्या भागात पोहोचते. मीठपाणी घटल्यामुळे वाढलेले अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक तेथे ते परत खेचते आणि त्या बदल्यात पोटॅशियम लघवीत जाते. औषध जितका वेळ टिकेल तितका वेळ हा व्यवहार चालू राहतो. सोबतचे टेल्मिसार्टन अल्डोस्टेरॉनला आवर घालते, त्यामुळे ही गळती बरीच कमी होते. परंतु सोडियम कमी होण्यापासून ते वाचवील असे धरून चालू नये.

सोडियमची गोष्ट वेगळी आहे. आमटीत पाणी वाढवले तर मीठ तेवढेच राहूनही ती अळणी लागते, तसे येथे मुख्यतः होते. लघवी पातळ करून जादा पाणी बाहेर टाकण्याचे काम ज्या टप्प्यावर चालते, तोच टप्पा ही औषधे रोखतात. पाणी परत शोषून घेणारी मूत्रपिंडाच्या गाभ्यातील यंत्रणा मात्र शाबूत राहते.

गिरगावातील ७४ वर्षांच्या, ४६ किलो वजनाच्या आजींचे उदाहरण कल्पू. क्लोरथॅलिडोन सुरू होऊन दहा दिवस झाले आहेत. ऑक्टोबरचा उकाडा असल्याने घरचे सारखे पाणी पाजतात, आणि जेवण म्हणजे चहा-बिस्किटे व थोडी पेज. मिठाचे आणि प्रथिनांचे असे तुटपुंजे खाणे असले की मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकणे आणखी कठीण जाते. आजींच्या शरीरात सुमारे २१ लिटर पाणी आणि रक्तातील सोडियम लिटरमागे १३८ मिलिइक्विव्हॅलंट धरले, तर दोन लिटर पाणी साठल्यानेच ते १२६ वर येते. त्यावर लघवीतून गेलेल्या सोडियम-पोटॅशियमची भर पडून अहवालात १२१ दिसते. पोटॅशियमही ३.१ आहे. आजी चालताना तोल सावरत नाहीत, नातवाचे नाव चुकवतात, आणि घरच्यांना ते वयाचे वाटते. गोळी नवी असताना असे काही दिसले, तर ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी सोडियम-पोटॅशियम तपासले पाहिजे.

अशा वेळी ‘मीठ कमी झाले’ म्हणून घरी पातळ सरबत पाजत राहणे घातक ठरते, कारण त्यात पाणीच अधिक असते. आजींना रुग्णालयात नेऊन गोळी थांबवावी लागते आणि पाण्यावर मर्यादा घालावी लागते. मात्र क्लोरथॅलिडोनचा अंमल आणखी काही दिवस रेंगाळतो. तो ओसरला की साठलेले पाणी झपाट्याने बाहेर पडून सोडियम अतिवेगाने चढू शकते, आणि त्याने मेंदूतील मज्जातंतूंची आवरणे कायमची दुखावू शकतात. म्हणून २४ तासांत लिटरमागे ८ मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त चढ होऊ नये, याकडे डॉक्टर लक्ष ठेवतात. दिलेले पोटॅशियमही सोडियम चढवते, तेही या हिशेबात धरावे लागते. बऱ्या झाल्यावर आजींना या गटातील कोणतीही गोळी, अगदी हायड्रोक्लोरोथायझाइडसुद्धा, पुन्हा देऊ नये, आणि तसे त्यांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवावे.