आयपीओतील पैसा नेमका कोणाकडे जातो, आणि अँकर गुंतवणूकदारांच्या लॉक-इनवरून काय ओळखावे

आयपीओचा, म्हणजे कंपनीच्या पहिल्या जाहीर समभागविक्रीचा, अर्ज भरण्यापूर्वी आपले पैसे कोणाच्या खात्यात जाणार आहेत, हे पाहायला हवे. फ्रेश इश्यूमध्ये कंपनी नवे समभाग निर्माण करते, पैसा कंपनीला मिळतो आणि एकूण समभागांची संख्या वाढते. ऑफर फॉर सेलमध्ये आधीचा भागधारक आपल्याकडचे समभाग विकतो, त्यामुळे पैसा त्याला मिळतो आणि कंपनीची समभागसंख्या तेवढीच राहते. अनेक आयपीओंत हे दोन्ही भाग एकत्र असतात. त्यांचे प्रमाण आरएचपी या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरच दिलेले असते, आणि विकणाऱ्यांना ते समभाग सरासरी कोणत्या भावाने पडले होते, हेही त्याच दस्तऐवजात सापडते.

मे 2022 मधील भारतीय आयुर्विमा महामंडळाचा, म्हणजे एलआयसीचा, आयपीओ संपूर्णपणे ऑफर फॉर सेल होता. केंद्र सरकारने आपला 3.5 टक्के हिस्सा, म्हणजे सुमारे 22.13 कोटी समभाग, विक्रीस काढले आणि विक्रीची रक्कम सरकारकडे गेली. महामंडळाला त्यातून काहीही मिळाले नाही. अशा विक्रीत गैर काही नाही. मात्र ‘या पैशातून कंपनी काय उभारणार’ हा प्रश्न येथे उरत नाही. मागितलेला भाव आजच्या व्यवसायाला साजेसा आहे का, एवढाच उरतो. याउलट फ्रेश इश्यू असेल, तर आरएचपीतील ‘ऑब्जेक्ट्स ऑफ द ऑफर’ हे प्रकरण वाचावे, कारण कारखान्यासाठी उभारलेला पैसा आणि जुने कर्ज फेडण्यासाठी उभारलेला पैसा यांचे परिणाम वेगळे असतात.

इश्यू सर्वांसाठी खुला होण्याच्या आदल्या कामकाजाच्या दिवशी अँकर गुंतवणूकदारांसाठी, म्हणजे आधीच बोली लावणाऱ्या मोठ्या संस्थांसाठी, समभाग निश्चित केले जातात. त्यांच्या बोलीची किमान रक्कम 10 कोटी रुपये असते, आणि कोणाला किती समभाग मिळाले याची यादी त्याच रात्री शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर येते. 1 एप्रिल 2022 पासून खुल्या झालेल्या इश्यूंमध्ये अँकरला मिळालेले निम्मे समभाग वाटपापासून 30 दिवस आणि उरलेले निम्मे 90 दिवस विकता येत नाहीत; यालाच लॉक-इन म्हणतात. त्याआधी सगळेच समभाग 30 दिवसांनी मोकळे होत असत.

एलआयसीमध्ये अँकर गुंतवणूकदारांनी 949 रुपये भावाने सुमारे 5.92 कोटी समभाग घेतले आणि त्यांतील मोठा वाटा देशी म्युच्युअल फंडांचा होता. ते वगळता सुमारे 16.2 कोटी समभाग नोंदणीच्या दिवसापासूनच विकता येण्याजोगे होते. वाटप 12 मे रोजी झाले. 30 दिवसांची मुदत संपताच आणखी 2.96 कोटी समभाग, म्हणजे मोकळ्या साठ्याच्या सुमारे 18 टक्के, विक्रीस पात्र होणार होते, आणि ही तारीख कोणालाही आधीच काढता येत होती. 17 मे रोजी मुंबई शेअर बाजारात 867 रुपयांच्या आसपास नोंदलेला समभाग मुदत संपण्यापूर्वीच 710 रुपयांजवळ उतरला आणि 13 जूनला आणखी घसरून 670 च्या आसपास बंद झाला. घसरणीचा मोठा भाग लॉक-इन उठण्याआधीच झाला होता, हे मला यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. अँकरची मुदत म्हणजे पुरवठा कधी वाढेल याची तारीख. भाव टिकेल याची ती हमी नव्हे. मोठी नावे यादीत आहेत म्हणून अर्ज करणाऱ्याने हे लक्षात घ्यावे, आणि यादी वाचताना एकूण रकमेपेक्षा दीर्घ मुदतीचे फंड किती आहेत, याकडे अधिक पाहावे.

किरकोळ गटातून 2 लाख रुपयांपर्यंत अर्ज करता येतो. त्यासाठी पॅन, स्वतःच्या नावाचे डिमॅट खाते आणि यूपीआय किंवा ‘अस्बा’, म्हणजे वाटप होईपर्यंत रक्कम खात्यातच रोखून ठेवण्याची, सुविधा असलेले स्वतःचे बँक खाते लागते. दुसऱ्याच्या खात्यातून रक्कम रोखली गेल्यास, किंवा एकाच पॅनवर अनेक अर्ज आढळल्यास, अर्ज बाद होतो. एलआयसीचा एक लॉट 15 समभागांचा होता, म्हणजे भावपट्ट्यातील वरच्या भावाने 14,235 रुपये; किरकोळ अर्जदारांना प्रति समभाग 45 रुपयांची सवलत असल्याने प्रत्यक्षात तो 13,560 रुपयांना पडला. भावाच्या रकान्यात ‘कट-ऑफ’, म्हणजे ठरेल तो भाव मान्य, हा पर्याय निवडल्यास अंतिम भाव पट्ट्यात कुठेही ठरला, तरी अर्ज वैध राहतो.

किरकोळ गटात लवकर अर्ज केल्याने वाटपाची शक्यता वाढत नाही, कारण मागणी जास्त झाल्यास सोडत निघते. म्हणून अँकर यादी पाहून, आणि संस्थात्मक गटाची मागणी किती भरली हे तपासून, शेवटच्या दिवशी अर्ज करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मात्र यूपीआयवर येणाऱ्या मँडेटला, म्हणजे रक्कम रोखण्याच्या विनंतीला, त्याच दिवशी संध्याकाळी 5 वाजेपर्यंत मंजुरी द्यावी लागते, त्यामुळे अर्ज दुपारपूर्वीच पूर्ण करावा. आधी केलेला अर्ज इश्यू बंद होईपर्यंत किरकोळ अर्जदाराला बदलता किंवा मागेही घेता येतो.