आंतरराष्ट्रीय वाररेषा आणि विमानप्रवासातील तारीख

आंतरराष्ट्रीय वाररेषा ही पॅसिफिक महासागरातून उत्तर-दक्षिण जाणारी एक मानलेली रेषा आहे. विमान ती पूर्वेकडे, म्हणजे आशिया-न्यूझीलंडकडून अमेरिकेच्या दिशेने ओलांडते तेव्हा प्रवाशाची तारीख एक दिवस मागे जाते आणि तोच वार पुन्हा येतो. पश्चिमेकडे ओलांडली तर तारीख एक दिवस पुढे उडी मारते. बदलते ते दिवसाचे नाव. प्रवासात गेलेले तास, प्रवाशाचे वय किंवा त्याची झोप यांत काहीही कमी-जास्त होत नाही. इंग्रजीने या रेषेला तारखेचे नाव दिले, मराठीने वाराचे. मराठी नाव जास्त नेमके वाटते, कारण सोमवारी निघून रविवारी पोचल्याचे आकडा मागे गेल्यापेक्षा चटकन जाणवते.

हा बदल सर्वांत स्वच्छपणे पाहायचा तर सामोआ देशातल्या आपियाहून अमेरिकन सामोआतल्या पागो पागोला जाणारे छोटे विमान पाहावे. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, उड्डाण पाऊण तासाच्या आतले. सामोआची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या 13 तास पुढे आहे आणि अमेरिकन सामोआची 11 तास मागे. फरक बरोबर 24 तासांचा, त्यामुळे घड्याळाच्या काट्यांना हात लावावा लागत नाही. समजा, रविवार 10 मे 2026 रोजी सकाळी 10 वाजता विमान आपियाहून निघाले आणि 40 मिनिटांनी उतरले. पागो पागोच्या भिंतीवरचे घड्याळ 10.40 दाखवत असेल, पण तिथे शनिवार 9 मे असेल. यूटीसीनुसार उड्डाणाच्या वेळी 9 मेचे रात्रीचे 9 वाजलेले होते आणि उतरताना 9.40. मधे काहीच उलटे घडलेले नाही. हाच प्रवासी आपियातला रविवार पुरता घालवून सोमवारी सकाळी निघाला, तर पलीकडे त्याला दुसरा रविवार मिळतो. सामोआत रविवार हा चर्चचा आणि विश्रांतीचा वार कसोशीने पाळला जातो, म्हणून हा हिशेब तिथे नुसता गमतीचा राहत नाही. परतीच्या वाटेवर उलटे होते. पागो पागोहून शनिवारी संध्याकाळी निघालेला माणूस आपियात रविवारी संध्याकाळी उतरतो आणि त्याची रविवारची सकाळ कुठेच झालेली नसते.

या उड्डाणात 180 अंश रेखावृत्त जवळपासही येत नाही. दोन्ही सामोआ 180 अंशाच्या बऱ्याच पूर्वेला, साधारण 171 ते 172 अंश पश्चिम रेखांशाच्या पट्ट्यात आहेत. शाळेच्या भूगोलात 180 अंश रेखावृत्त आणि वाररेषा इतक्या जोडीने शिकवतात की दोन्ही एकच असल्याचा समज पक्का होतो. प्रत्यक्षात वाररेषा म्हणजे त्या त्या देशांनी आपापली वेळ ठरवल्यावर त्यांच्यामधून उरलेली सीमा आहे. 1884 च्या वॉशिंग्टन परिषदेने ग्रीनिचला मूळ रेखावृत्त मानले, पण वाररेषा आखून दिली नाही. आजही कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराने ती बांधलेली नाही. सामोआने ती 2011 साली स्वतःच्या दुसऱ्या बाजूला सरकवली. त्याआधी सामोआत शुक्रवार असे तेव्हा न्यूझीलंडमध्ये शनिवारची सुट्टी लागलेली असे, आणि सामोआतला रविवार म्हणजे सिडनीत कामाचा सोमवार. व्यापार बराचसा त्याच दोन देशांशी, त्यामुळे आठवड्याचे दोन दिवस वाया जात. म्हणून गुरुवार 29 डिसेंबरनंतर थेट शनिवार 31 डिसेंबर उजाडला. 30 डिसेंबर 2011 हा दिवस सामोआत झालाच नाही. अमेरिकन सामोआ मात्र जुन्याच बाजूला राहिला आणि शेजारच्या दोन बेटांमध्ये एका दिवसाची भिंत उभी राहिली.

याचे उलट उदाहरण फिजीत मिळते. 180 अंश रेखावृत्त तिथल्या ताव्हेउनी बेटावरून जाते. नांदीहून ताव्हेउनीला जाणारे विमान पूर्व गोलार्धातून निघून पश्चिम गोलार्धातल्या धावपट्टीवर उतरते, तरी तारीख तीच राहते, कारण सगळ्या फिजीने एकच वेळ पाळायची ठरवलेली आहे. म्हणजे विमान रेखावृत्त ओलांडूनही वार न बदलणे आणि न ओलांडता बदलणे, दोन्ही शक्य आहे. विचारायचा प्रश्न एवढाच: निघालो तिथली वेळ यूटीसीपासून किती दूर, आणि उतरलो तिथली किती?

रेषा लागतेच कशाला, हे कळण्यासाठी पृथ्वीला फेरी मारणाऱ्याचा विचार करावा. पश्चिमेकडे जाणारा सूर्याच्या मागे मागे जातो, त्यामुळे त्याचा प्रत्येक दिवस थोडा लांबतो. पूर्ण फेरी झाली की त्याच्या वाट्याला घरच्यांपेक्षा एक सूर्योदय कमी आलेला असतो. मॅगेलनच्या मोहिमेतले उरलेले खलाशी जुलै 1522 मध्ये केप व्हर्दी बेटांवर पोचले, तेव्हा त्यांच्या रोजनिशीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. मोहिमेचा वृत्तांत लिहिणारा पिगाफेत्ता याने एकही दिवस न चुकता नोंद ठेवली होती, म्हणून तो चक्रावला. चूक कोणाचीच नव्हती. तो एक दिवस वाटेत कुठेतरी वळता करायला हवा होता, आणि आज तो पॅसिफिकमध्ये वळता करतात, कारण तिथे वस्ती विरळ आहे.

लांबच्या उड्डाणात घड्याळ आणि तारीख दोन्ही बदलतात आणि घोळ तिथे होतो. टोकियो यूटीसीच्या 9 तास पुढे, होनोलुलू 10 तास मागे. शनिवारी रात्री 9 वाजता टोकियोहून निघालेले विमान सात तासांत होनोलुलूला पोचले, तर तिथे शनिवारचेच सकाळचे 9 वाजलेले असतात. प्रवासी निघण्याच्या 12 तास ‘आधी’ उतरतो. हे दोन पायऱ्यांत पाहिले की सोपे होते. पूर्वेकडे जाताना घड्याळ पुढे सारायचे, इथे 5 तास. मग वाररेषेसाठी एक पूर्ण दिवस मागे. खिडकीबाहेरच्या आकाशाने मोजले तर वाटेत सुमारे दोन तासांनी मध्यरात्र होते आणि रविवार लागतो. तो रविवार अडीच-तीन तास टिकतो आणि 180 अंशाच्या आसपास पुन्हा शनिवारची पहाट होते. त्या क्षणी विमानात काहीच घडत नाही. घोषणा झालीच तर ती वैमानिकाची हौस समजावी. आसनासमोरच्या पडद्यावर निघाल्या ठिकाणची आणि पोचायच्या ठिकाणची अशा दोनच वेळा असतात, आणि मधल्या समुद्रावरची ‘खरी’ तारीख प्रवाशाला कशासाठीच लागत नाही.

उलट दिशेला दिवस गहाळ होतो. सॅन फ्रान्सिस्कोहून 30 डिसेंबरला रात्री 8 वाजता ऑकलंडला निघालेले विमान 13 तासांत पोचते असे धरू. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को यूटीसीच्या 8 तास मागे असते, आणि न्यूझीलंडमध्ये तेव्हा उन्हाळी वेळ असल्याने ते 13 तास पुढे. उड्डाणाच्या वेळी यूटीसीनुसार 31 डिसेंबरची पहाटे 4 ची वेळ, उतरताना त्याच दिवशीचे संध्याकाळचे 5, म्हणजे ऑकलंडमध्ये 1 जानेवारीचे सकाळचे 6. या प्रवाशाला 31 डिसेंबर मिळालाच नाही. त्या दिवशी वाढदिवस असलेल्याने केक विमानतळावरच कापून घ्यावा.

आता एक गैरसमज, जो अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या लोकांत हमखास आढळतो: विमान पॅसिफिकवरून गेले तर एक दिवस वाचतो, अटलांटिकवरून गेले तर नाही. समजा, हिवाळ्यात मुंबईहून दुपारी 4 वाजता निघालेले विमान 16 तासांनी सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. तिथे त्याच तारखेचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. अटलांटिकवरून गेलात तर घड्याळ साडेतेरा तास मागे घ्यायचे, वाररेषा लागत नाही. पॅसिफिकवरून गेलात तर घड्याळ साडेदहा तास पुढे न्यायचे आणि वाररेषेपाशी 24 तास मागे यायचे. वजाबाकी तीच येते. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढले, पण पाठीमागच्या वाऱ्यामुळे वेळ कमी झाला. तारखेवर परिणाम झाला तो फक्त त्या वाचलेल्या वेळाइतकाच. उत्तर ध्रुवावर तर सगळी रेखावृत्ते एका बिंदूत मिळतात आणि तिथे वार विचारण्याला अर्थच उरत नाही. जानेवारी 2021 मध्ये एअर इंडियाचे सर्व महिला वैमानिकांनी चालवलेले विमान ध्रुवावरून सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला आले. ते 9 तारखेला रात्री निघाले आणि 11 च्या पहाटे उतरले.

वैमानिकांना या सगळ्याची झळ लागत नाही, कारण उड्डाणाचा आराखडा, हवामानाचे अहवाल आणि नियंत्रण कक्षाशी होणारा संवाद यूटीसीत चालतो. त्यात वाररेषाच नाही. अडचण आली तर ती संगणकाच्या हिशेबात येते. फेब्रुवारी 2007 मध्ये हवाईहून जपानमधल्या ओकिनावाकडे निघालेली अमेरिकन हवाई दलाची एफ-22 लढाऊ विमाने वाररेषेपाशी पोचली आणि त्यांच्या दिशादर्शक यंत्रणा बंद पडल्या. सोबतच्या इंधनवाहू विमानांच्या मागोमाग ती हवाईला परतली. सॉफ्टवेअर दुरुस्त केल्यावर तीच विमाने पुढे ओकिनावाला गेली.

सामान्य प्रवाशाची चूक मात्र तिकिटावर होते. तिकिटावरच्या दोन्ही वेळा आणि तारखा त्या त्या ठिकाणच्या असतात. पोचण्याच्या वेळेपुढे `+1`, `+2` किंवा `-1` असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि नजर तिथून घसरते. वरच्या ऑकलंडच्या प्रवासात ते `+2` असेल. ते न पाहता 31 तारखेपासून हॉटेल घेतले, तर पहिल्या रात्रीचे पैसे जातात, आणि पाहुणा आलाच नाही म्हणून पुढचे आरक्षणही रद्द होऊ शकते. उड्डाणाचा खरा कालावधी तपासायचा तर दोन्ही वेळा यूटीसीत बदलून वजा कराव्यात. उत्तर ऋण किंवा वीस-बावीस तासांच्या वर आले, तर एक तारीख चुकीची वाचली आहे असे समजावे. रोजची गोळी तारखेवर न घेता तासांवर मोजायची का, हे डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारून घेतलेले बरे.

उपासवाल्यांचा प्रश्न वेगळाच. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातले 12 अंशांचे अंतर, आणि ती सगळ्या पृथ्वीवर एकाच क्षणी संपते. वाररेषा तिला मागे-पुढे करत नाही. एकादशी कोणत्या दिवशी धरायची हे मात्र स्थानिक सूर्योदयावरून ठरते, म्हणून पुण्यातली आणि कॅलिफोर्नियातली एकादशी कधी एकाच तारखेला येते, कधी एका दिवसाने हुकते. पॅसिफिकवरून जाणाऱ्याने उतरायच्या गावचे पंचांग पाहावे. घरच्या दिनदर्शिकेतली तारीख तिथे लागू पडेलच असे नाही.