व्हेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसात नेमकं काय सापडतं?

सिगारेट जळते, व्हेप म्हणजे ई-सिगारेट जळत नाही, एवढ्यावरच बरेच जण "मग व्हेप सेफ" म्हणून मोकळे होतात. अर्धी गोष्ट खरीच आहे. तंबाखू जळला की हजारो रसायनं, टार आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात, व्हेपमध्ये कॉइल नावाची तापणारी तार फक्त प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि फ्लेवरचं मिश्रण तापवते, त्यामुळे विषारी गोष्टी बऱ्याच कमी असतात (कॉइल जास्त तापली की फॉर्मल्डिहाइड होतं, ते वेगळं). पण विष कमी म्हणजे श्वासनलिकेची सूजही तेवढीच कमी, असं गृहीत धरता येत नाही.

2019 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या टीमने ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे नळी घालून फुप्फुसाचा कोपरा सलाइनने धुवून, ते पाणी तपासलं. सिगारेटवाले, व्हेपवाले आणि काहीच न ओढणारे असे तीन गट होते. बघायचं होतं न्यूट्रोफिल इलॅस्टेज. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतू मारायला हे एन्झाइम सोडतात, पण ते जास्त झालं तर फुप्फुसाला लवचिक ठेवणारं इलॅस्टिनच तोडतं, सिगारेटमुळे होणाऱ्या एम्फिसिमामागे, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होण्याच्या आजारामागे, हेच एक मोठं कारण आहे. शरीराकडे त्याला आवरणारी प्रथिनंही असतात. तर व्हेपवाल्यांमध्ये हे एन्झाइम सिगारेटवाल्यांइतकंच वाढलेलं निघालं आणि आवरणारी प्रथिनं मात्र वाढलेली नव्हती. लॅबमध्ये नुसतं निकोटिन दिलं तरी पेशी ही एन्झाइम्स सोडत होत्या, म्हणजे धूर नसला तरी निकोटिन आहेच ना!

आता दुसरी बाजू. ओहायोच्या संशोधकांनी असंच पाणी काढून सूज आणणाऱ्या पेशी आणि सायटोकाइन्स म्हणजे सुजेचा संदेश देणारी प्रथिनं मोजली, तिथे व्हेपवाले मधे कुठेतरी आले, सिगारेटवाल्यांपेक्षा कमी आणि न ओढणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त. मला यात विरोधाभास वाटत नाही, कारण पेशी किती आल्या आणि आलेल्या पेशींनी काय सोडलं हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

खरी अडचण म्हणजे व्हेपवाले बहुतेक वेळा आधी सिगारेट ओढणारेच असतात, मग जुनं नुकसान कुठलं आणि नवं कुठलं हे वेगळं कसं काढणार? म्हणून ओहायोवाल्यांनी कधीच न ओढलेल्या लोकांपैकी काहींना चार आठवडे निकोटिन आणि फ्लेवर नसलेलं व्हेप दिलं. न दिलेल्या गटाशी तुलना केली तर सुजेत ठळक फरक दिसला नाही, पण ज्यांच्या लघवीत प्रोपिलीन ग्लायकॉल जास्त वाढलं होतं, त्यांच्यात सुजेच्या पेशीही वाढलेल्या होत्या. चार आठवड्यांत एवढंच कळू शकतं, एम्फिसिमा व्हायला अनेक वर्षं लागतात.