तीन मिनिटांच्या पिचसाठी आकडे पाठवण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गुंतवणूकदारांसमोर करायच्या पिचची संहिता आमच्याकडून लिहून घेणारे बहुतेक संस्थापक पहिल्याच भेटीत विचारतात, की डेक तयार असताना तीन मिनिटांच्या मजकुराला आठवडा का लागतो. लिहिण्याला आठवडा लागत नाही. आमच्याकडे आलेले ट्रॅक्शनचे आकडे तपासताना बदलतात, ते बदलले की मागणीची रक्कम बदलते आणि मग समस्येपासून शेवटच्या वाक्यापर्यंत सारे पुन्हा लिहावे लागते. हा फेरा टाळणे आपल्या हातात आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहोत.

मराठीत स्पष्ट आणि न धावता बोलणारा माणूस मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द बोलतो, त्यामुळे संपूर्ण संहिता 350 शब्दांच्या आतच ठेवावी लागते. त्यात आम्ही समस्येला 45 सेकंद, उपायाला 30, ट्रॅक्शनला पूर्ण एक मिनिट आणि मागणीला 30 सेकंद देतो. उरलेली 15 सेकंदे श्वासासाठी आणि स्लाइड बदलण्यासाठी मोकळी सोडतो. उत्पादनाच्या वैशिष्ट्यांना एवढी कमी जागा का, अशी तक्रार अनेकदा येते. ती वैशिष्ट्ये प्रश्नोत्तरांत सांगता येतात. धंदा चालतो आहे की नाही, हे मात्र या तीन मिनिटांतच कळले पाहिजे, अन्यथा प्रश्न विचारलेच जात नाहीत.

एक नमुना घेऊ. तो आम्ही रचलेला आहे, पण आमच्याकडे येणाऱ्या कागदांच्या धर्तीचाच आहे. समजा, आपली कंपनी भोसरीतल्या लहान वर्कशॉपना चाकणमधल्या कंपन्यांचे जॉबवर्क मिळवून देते आणि प्रत्येक ऑर्डरवर 8 टक्के कमिशन घेते. समस्या एका वाक्यात बसते: ‘भोसरीत कर्जावर घेतलेलं व्हीएमसी मशीन दुसऱ्या पाळीत बंद असतं, आणि त्याच आठवड्यात चाकणमधला खरेदी अधिकारी दोनशे नगांच्या लॉटसाठी मोकळं मशीन शोधत फोन फिरवत असतो.’ यानंतर वाहन उद्योगाची एकूण बाजारपेठ किती मोठी आहे हे सांगायची गरज उरत नाही. बंद मशीनचाही हप्ता भरावा लागतो, एवढे ऐकणाऱ्याला समजलेले असते.

खरी अडचण पुढच्या मिनिटात येते. ग्राहकाने पाठवलेल्या मजकुरात असे वाक्य असते: ‘दीड वर्षात 1 कोटी 80 लाखांची उलाढाल झाली असून 310 वर्कशॉप आमच्याशी जोडलेली आहेत.’ दोन्ही आकडे खरे असतात, तरीही दोन्हींतून धंद्याची आजची प्रकृती कळत नाही. आरंभापासूनची बेरीज कधीच खाली जात नाही; गेल्या तीन महिन्यांत एकही ऑर्डर आली नसती, तरी ती तेवढीच दिसली असती. शिवाय 1 कोटी 80 लाख ही ऑर्डरींची किंमत आहे, आणि त्यातला मोठा हिस्सा वर्कशॉपना गेलेला आहे. आपल्या कंपनीचे उत्पन्न म्हणजे केवळ कमिशन. गुंतवणूकदार पुढे बँकेचे उतारे आणि जीएसटीची विवरणपत्रे मागतात. तिथे कमिशनच्याच पावत्या दिसल्या, की फरक कोणी न सांगता उघड होतो आणि बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचा विश्वासही जातो.

म्हणून आम्ही महिनावार तक्ता मागतो. या नमुन्यात एप्रिलमध्ये 14 लाखांच्या आणि सप्टेंबरमध्ये 26 लाखांच्या ऑर्डरी पुऱ्या झाल्या. म्हणजे कमिशन 1 लाख 12 हजारांवरून 2 लाख 8 हजारांवर गेले. ही वाढ दरमहा सरासरी 13 टक्क्यांच्या आसपास पडते. नोंदलेल्या 310 वर्कशॉपपैकी सप्टेंबरमध्ये प्रत्यक्ष काम 84 जणांनी केले. एप्रिलमध्ये पहिली ऑर्डर देणाऱ्या 20 कंपन्यांपैकी 15 कंपन्यांनी सप्टेंबरमध्येही ऑर्डर दिली, आणि आमच्या मते संपूर्ण पिचमधली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, जी मूळ मजकुरात कुठेही नव्हती. संहितेत हे असे येते: ‘सप्टेंबरमध्ये 84 वर्कशॉपनी आमच्यामार्फत 26 लाखांचं काम केलं. त्यातलं आमचं उत्पन्न 2 लाख 8 हजार. एप्रिलमध्ये ते 1 लाख 12 हजार होतं. एप्रिलमध्ये आलेल्या 20 कंपन्यांपैकी 15 अजून आमच्याकडूनच काम करून घेतात.’ आकडे लहान झाले म्हणून ग्राहक नाराज होतात हे आम्ही जाणतो, तरीही हा मजकूर आम्ही बदलत नाही. कारण मागणी याच आकड्यांवर उभी राहते.

ती कशी, हे पाहावे. आजचा दरमहा खर्च 5 लाख आहे. मंचावर ‘मासिक उत्पन्न 26 लाख’ असे म्हटले, तर ऐकणारा साहजिकच विचारेल की मग पैसे हवेत कशाला. उत्पन्न 2 लाख 8 हजार असल्याचे सांगितले, तर हिशेब जुळतो. विक्री आणि गुणवत्ता तपासणीची माणसे घेतल्यावर खर्च दरमहा सरासरी 10 लाख धरला, तर 18 महिन्यांत 1 कोटी 80 लाख लागतात. वाढीचा वेग मंदावून दरमहा 8 टक्क्यांच्या जवळ आला असे मानले, तरी 18 महिन्यांनी कमिशन 8 लाखांवर जाते आणि तोवर एकूण सुमारे 80 लाख जमा होतात. तूट 1 कोटीची. मोठ्या कंपन्यांकडून वसुली उशिरा येते, म्हणून 20 लाख राखीव धरावेत. अशा रीतीने मागणी ठरते: ‘आम्हाला 18 महिन्यांसाठी 1 कोटी 20 लाख हवे आहेत, त्यातून मासिक कमिशन 2 लाखांवरून 8 लाखांवर न्यायचं आहे.’ रक्कम, मुदत आणि गाठायचा टप्पा या तिन्हींपैकी एकही गोष्ट गाळू नये.

कंपनीचे मूल्यांकन आणि समभागांची टक्केवारी आम्ही संहितेत लिहीत नाही. एक तर तो वाटाघाटीचा विषय आहे. शिवाय खासगी मर्यादित कंपनीला समभागांसाठी जनतेला निमंत्रण देता येत नाही, आणि कंपनी कायदा 2013 च्या कलम 42 नुसार खासगी वाटपाची जाहिरातही करता येत नाही. कार्यक्रम सर्वांसाठी खुला असेल किंवा त्याचे चित्रीकरण प्रसारित होणार असेल, तर मागणीचे वाक्य आपल्या कंपनी सचिवांना दाखवूनच अंतिम करावे. तसा बदल आम्ही विनाशुल्क करतो.

काम सुरू करण्यापूर्वी कृपया मागील सहा महिन्यांचा महिनावार तक्ता पाठवावा: ऑर्डरींची रक्कम, आपले प्रत्यक्ष उत्पन्न, खर्च, त्या महिन्यात व्यवहार केलेले ग्राहक आणि त्यांपैकी पुन्हा आलेले किती. उत्पन्नाचा रकाना आपल्या लेखापालांनी बँकेच्या उताऱ्याशी ताडून दिलेला असावा. धंदा नुकताच सुरू झाला असल्यास दोनच महिने पाठवावेत. दोन महिन्यांच्या खऱ्या आकड्यांवरही चांगली संहिता लिहिता येते. तक्ता पूर्ण आला, की पहिला मसुदा तीन कामकाजाच्या दिवसांत मिळतो. आमच्या शुल्कात दोन दुरुस्त्या, घड्याळ लावून घेतलेली एक तालीम आणि अपेक्षित प्रश्नांची यादी येते. मसुद्यानंतर आकडे बदलल्यास ते नवे काम मानून निम्मे शुल्क आकारले जाते, कारण वर दाखवल्याप्रमाणे एक आकडा हलला की मागणीही नव्याने मांडावी लागते. कोणता आकडा उत्पन्नात धरावा याविषयी शंका असेल, तर तक्ता भरण्याआधीच फोन करावा. त्या बोलण्याचे शुल्क नाही.