माहिती तंत्रज्ञानाच्या सर्वसाधारण नियंत्रणांची चाचणी

हिशेबाच्या संगणक प्रणालीतून आलेल्या आकड्यांवर विसंबण्याआधी लेखापरीक्षक त्या प्रणालीभोवतीची व्यवस्था तपासतो, त्या तपासणीला हे नाव आहे. प्रणालीत कोणाला शिरता येते, प्रोग्रॅम आणि सेटिंग कोण व कसे बदलते, डेटा हरवला तर परत आणता येतो का, हे तिचे मुख्य विषय. इंग्रजी आद्याक्षरांवरून या नियंत्रणांना व्यवसायात ‘आयटीजीसी’ म्हणतात. भारतात कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४३(३)(आय) नुसार वित्तीय विवरणांशी संबंधित अंतर्गत वित्तीय नियंत्रणांवर मत द्यायचे असते, तेव्हा ही चाचणी टाळता येत नाही. काही लहान खाजगी कंपन्यांना या कलमातून २०१७ च्या अधिसूचनेने सूट मिळाली आहे. पण त्यांचा लेखापरीक्षकही प्रणालीतल्या आपोआप चालणाऱ्या तपासणीवर विसंबणार असेल, तर एसए ३१५ आणि एसए ३३० या लेखापरीक्षण मानकांमुळे त्याला याच वाटेने जावे लागते.

चाचणीची गरज कुठून येते

समजा, चाकणच्या एका कारखान्यात खरेदीची बिले सॅप या व्यवसाय-सॉफ्टवेअरमध्ये नोंदवली जातात. खरेदी आदेश, माल आल्याची पावती आणि पुरवठादाराचे बिल हे तिन्ही प्रणाली जुळवून पाहते आणि दरातला फरक २ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर बिलाचे पैसे अडवते. वर्षभरात अशी हजारो बिले येतात. ऑडिटर सॅपच्या `OMR6` या सेटिंगच्या पडद्यावर मर्यादा पाहतो, मर्यादेबाहेरचे एक बिल अडते आणि मर्यादेतले एक सुटते हे तपासतो, आणि थांबतो. हाताने केलेल्या नियंत्रणाचे पंचवीस नमुने लागतात तिथे इथे एवढे पुरते, कारण संगणक त्याच सेटिंगवर प्रत्येक वेळी तेच करतो.

मात्र हे बिल त्याने फेब्रुवारीतल्या एका दिवशी पाहिलेले असते. जूनमध्ये कोणी मर्यादा २० टक्के करून जुलैत पुन्हा २ वर आणली असेल, तर फेब्रुवारीतल्या बिलावरून ते कळणार नाही. एका दिवसाचा निष्कर्ष पूर्ण वर्षाला लावायचा असेल, तर अधिकार नसलेल्या कोणी ती मर्यादा बदलू शकत नव्हते आणि झालेला प्रत्येक बदल मंजुरीतून गेला होता, हे वेगळे सिद्ध करावे लागते. आयटीजीसीची चाचणी नेमके हे काम करते. त्यामुळे कोणत्या आयटीजीसी तपासायच्या हे ठरवताना सुरुवात नेहमी व्यवहाराकडून होते. ज्या प्रणालीतल्या कोणत्याच स्वयंचलित तपासणीवर किंवा अहवालावर ऑडिटर विसंबणार नाही, तिच्या पासवर्डचे नियम तपासण्यात दिवस घालवण्याला अर्थ नाही. छापील यादी घेऊन सगळ्या प्रणालींवर सरसकट टिक मारत जाण्याची पद्धत अनेक फाइलींमध्ये दिसते. तिने कागद वाढतात, खात्री वाढत नाही.

यादी पूर्ण आहे का

नमुना ज्या यादीतून काढायचा तीच अपुरी असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, आणि या चाचणीत बहुतेक चुका इथेच होतात. आयटी विभाग ईमेलने पाठवतो ती एक्सेल फाइल पुरावा म्हणून कच्ची असते. तिच्यातून ओळी गळल्या किंवा गाळल्या गेल्या आहेत का, हे फाइल पाहून समजत नाही. म्हणून ऑडिटर माहिती काढली जात असताना समोर बसतो किंवा पडदा शेअर करून घेतो. कोणत्या टेबलातून, कोणत्या अटी घालून, कोणत्या सर्व्हरवरून आणि सॅपच्या आतल्या कोणत्या स्वतंत्र विभागातून, म्हणजे क्लायंटमधून, माहिती काढली हे दिसणारी चित्रे ठेवतो, आणि पडद्यावरची ओळींची संख्या फाइलमधल्या संख्येशी जुळवतो. चाचणी सर्व्हरवरून काढलेली यादी हुबेहूब खऱ्यासारखी दिसते, म्हणून सर्व्हरचे नाव पाहण्याला फार महत्त्व आहे.

युजर अॅक्सेस: नोकरी सोडलेल्यांची तपासणी

अॅक्सेसच्या चाचणीत नवा आयडी देणे, बदली झाल्यावर जुने अधिकार काढणे, नियतकालिक आढावा अशा पायऱ्या येतात. त्यातली सर्वात बोलकी तपासणी नोकरी सोडलेल्यांची, कारण तिथे दोन स्वतंत्र विभागांच्या नोंदी समोरासमोर ठेवता येतात.

वरच्या कारखान्याचेच उदाहरण पुढे नेऊ. एचआरकडून १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात नोकरी सोडलेल्यांची यादी घेतली, तिच्यात ११८ नावे आहेत. सॅपचे आयडी ठेवणाऱ्या `USR02` या टेबलाशी कर्मचारी क्रमांकावरून जुळवल्यावर ७४ जणांचे सॅप आयडी होते असे दिसते. आता `UFLAG` हा रकाना पाहायचा. तिथे ० म्हणजे आयडी उघडा, ६४ म्हणजे प्रशासकाने बंद केलेला, आणि १२८ म्हणजे चुकीचा पासवर्ड वारंवार दिल्याने अडकलेला. नवखा तपासनीस १२८ लाही बंद धरतो. प्रत्यक्षात तो आयडी कोणी काढलेला नसतो आणि पासवर्ड बदलून घेतला की पुन्हा चालू होतो. या ७४ पैकी ६५ जणांचे आयडी प्रशासकाने बंद केले आहेत, ५ उघडे आहेत आणि ४ वर १२८ आहे. म्हणजे अपवाद ९. जे ६५ बंद दिसतात ते वेळेवर बंद झाले का, हे `SUIM` मधल्या बदलांच्या नोंदींवरून पाहावे लागते, कारण `USR02` फक्त आजची स्थिती सांगते.

पुढची पायरी `TRDAT`, म्हणजे शेवटच्या लॉगिनची तारीख. नऊपैकी आठ जणांचे शेवटचे लॉगिन नोकरी सोडण्याआधीचे आहे. देयके विभागातल्या एकाचा शेवटचा दिवस ३१ ऑगस्ट होता आणि शेवटचे लॉगिन १२ ऑक्टोबरचे आहे. आता प्रश्न कागदोपत्री राहत नाही. हिशेबाच्या नोंदींच्या `BKPF` या टेबलात नोंद करणाऱ्याच्या `USNAM` या रकान्याला त्याचा आयडी आणि नोंदीच्या तारखेच्या `CPUDT` या रकान्याला १ सप्टेंबरपासूनच्या तारखा लावून नोंदी काढल्या, तर त्या आयडीने १४ नोंदी झालेल्या निघतात. चौकशीत कळते की सप्टेंबरअखेर काम तुंबले म्हणून शेजारच्या सहकाऱ्याने त्याच्या पासवर्डने बिले चढवली. चौदाही बिले मूळ कागदांशी जुळतात, पैसे खऱ्या पुरवठादारांनाच गेले आहेत.

इथे ‘नुकसान झाले नाही, म्हणून अपवाद नाही’ असे लिहिण्याचा मोह होतो. तसे लिहू नये. नियंत्रण चालले नाही ही उणीव कायम राहते. चौदा बिलांच्या तपासणीने एवढेच सांगितले की या भोकातून यंदा चुकीचा आकडा आत आला नाही. शिवाय उघडकीला आलेली दुसरी गोष्ट, पासवर्ड एकमेकांना देण्याची, जास्त गंभीर आहे. बिल चढवणारा आणि मंजूर करणारा वेगळे आहेत हे प्रणाली आयडीवरूनच ओळखते, त्यामुळे ती विभागणीही पुन्हा तपासावी लागते. आणि एचआरच्या यादीत कंत्राटी माणसे, सल्लागार येत नाहीत. त्यांचे आयडी वेगळ्या यादीवरून पाहावे लागतात.

सर्वाधिकार असलेले आयडी हा स्वतंत्र विषय आहे. सॅपमध्ये `SAP_ALL` हे प्रोफाइल कोणाकडे आहे, `SAP*` आणि `DDIC` या जन्मजात आयडींचे मूळ पासवर्ड बदलले आहेत का, हे प्रत्येक वेळी पाहतात. असा आयडी काय करू शकतो याचे भारतातले ठळक उदाहरण २००९ मध्ये उघड झालेल्या सत्यम प्रकरणात आहे. तिथे बिलांच्या प्रणालीत ‘सुपर युजर’ अधिकार वापरून ७,५६१ खोटी बिले घातली गेली. संबंधित व्यवसाय विभागांच्या पडद्यावर ती दिसत नव्हती, पण महसुलात धरली जात होती.

चेंज मॅनेजमेंट: उलट्या दिशेने चालणे

बदलांच्या चाचणीत दिशा महत्त्वाची. बदलाच्या विनंत्यांच्या, म्हणजे तिकिटांच्या, यादीतून पंचवीस उचलून प्रत्येकाला मंजुरी आहे का पाहिले, तर ती सापडणारच, कारण मंजुरी घेणाऱ्यानेच तिकीट काढलेले असते. विनापरवाना बदल तिकिटांच्या यादीत कधीच नसतो. म्हणून यादी प्रॉडक्शन, म्हणजे प्रत्यक्ष कामकाज चालते त्या, प्रणालीतून काढायची. सॅपमध्ये `STMS` च्या इम्पोर्ट इतिहासात प्रत्यक्ष आत आलेले बदल दिसतात. आपल्या कारखान्यात तिथे १४३ बदल आहेत आणि तिकिटे १३१. मधल्या बाराच्या मागे लागणे हीच खरी चाचणी. त्यातले दहा सॅप कंपनीकडून आलेल्या दुरुस्त्यांचे निघाले, त्यांना एकत्रित मंजुरी होती. उरलेल्या दोन बदलांना कसलीच मंजुरी नव्हती आणि ते लिहिणाऱ्यानेच प्रॉडक्शनमध्ये हलवले होते.

इम्पोर्टच्या वाटेने न येणारेही बदल असतात. क्लायंटच्या सेटिंगच्या `SCC4` या पडद्यावर प्रॉडक्शन क्लायंट थेट बदलांसाठी बंद ठेवलेला असायला हवा, आणि वर्षात तो कधी उघडला गेला हेही पाहावे लागते. `S_DEVELOP` या अधिकारातून डीबगिंग, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच थांबवून तपासणी, करताना चालू प्रोग्रॅममधले मूल्य बदलता येते. तो अधिकार प्रॉडक्शनमध्ये कोणाकडेही कायमचा असू नये.

बॅकअप

माझ्या मते विवरणांच्या अचूकतेच्या दृष्टीने याचे वजन वरच्या दोघांपेक्षा कमी आहे. बॅकअप चुकला म्हणून नफा चुकीचा दिसत नाही, धोका डेटा गमावण्याचा असतो. भारतात मात्र त्याला कायद्याची बाजू आहे. कंपनी (लेखे) नियम २०१४ च्या नियम ३(५) नुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो, आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने तो रोजचा झाला. त्यामुळे नमुन्यातल्या दिवसांच्या नोंदी पाहताना काम यशस्वी झाले का, फसले असल्यास त्याच दिवशी पुन्हा चालवले का, आणि सर्व्हर कुठे आहे, असे तिन्ही प्रश्न येतात. याशिवाय वर्षातून एकदा तरी बॅकअप प्रत्यक्ष उतरवून पाहिल्याचा पुरावा मागतात. उतरवलेल्या प्रतीतली तेरीज मूळ तेरजेशी जुळवलेली असेल तर तो पुरावा भक्कम. ‘रिस्टोअर यशस्वी’ एवढा संदेश पुरेसा नाही.

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेब सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा एडिट लॉग सक्तीचा आहे, आणि तो वर्षभर चालू होता का यावर लेखापरीक्षकाला अहवालात लिहावे लागते. टॅलीसारखे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या लहान कंपन्यांमध्ये अॅक्सेस आणि बदलांची चाचणी अनेकदा या तरतुदीमुळेच प्रथम होते.

नियंत्रण फसले तर

नमुना पंचवीसवरून पन्नास करणे हे उत्तर नाही, भोक तेवढेच राहते. पाहायचे ते त्या भोकातून आपल्या कामाच्या सेटिंगला धक्का लागला का. कारखान्यात ते दोन विनामंजुरी बदल उघडून त्यांनी कशाला हात लावला हे पाहता येते. दर-मर्यादा `T169G` या टेबलात साठते. कंपनीने टेबलांच्या बदलांची नोंद चालू ठेवली असेल तर `SCU3` मधून वर्षभरात ती कधी बदलली हे काढता येते. एकदाही बदललेली नसेल तर तिन्ही कागद जुळवणाऱ्या तपासणीवर विसंबता येते. ती नोंदच बंद असेल तर हा मार्ग मिटतो, आणि ऑडिटरला बिलांचे मोठे नमुने हाताने तपासावे लागतात.

उणीव वर्षाच्या मध्ये दुरुस्त झाली असेल तर दोन वेगळी उत्तरे निघू शकतात. कलम १४३(३)(आय) खालचे मत ताळेबंदाच्या तारखेचे असते. डिसेंबरात दुरुस्त झालेले नियंत्रण पुरेसा काळ नीट चालल्याचे दिसले, तर ३१ मार्चला ते परिणामकारक म्हणता येते. विवरणांच्या लेखापरीक्षणात मात्र एप्रिल ते डिसेंबरच्या व्यवहारांसाठी त्याच नियंत्रणाचा आधार घेता येत नाही, आणि त्या नऊ महिन्यांचे काम वेगळे करावे लागते.