सेशन कालबाह्य होणे आणि कुकी-सफाई

संकेतस्थळावर एकदा ओळख पटवल्यानंतर ती जितका वेळ ग्राह्य धरली जाते, त्या कालावधीला सेशन किंवा सत्र म्हणतात. सत्र दोन ठिकाणी तुटू शकते. बँकेच्या सर्व्हरवरील त्याची नोंद पुसली गेली तर ते तुटते, आणि ब्राउझरने जपलेली कुकी नाहीशी झाली तरीही तुटते. वापरणाऱ्याला दोन्ही वेळी दिसते ते एकच : पुन्हा लॉगिनचे पान. म्हणून ‘बँक लगेच बाहेर काढते’ आणि ‘सेव्ह केलेले लॉगिन राहत नाही’ या दोन तक्रारी बहुधा एकत्र केल्या जातात आणि एकीचा उपाय दुसरीवर करून पाहिला जातो.

कुकी आणि तिचे नाव. एचटीटीपी या नियमसंचाला स्मरण नाही. त्याच्या दृष्टीने प्रत्येक विनंती पहिलीच असते. ही उणीव भरून काढण्यासाठी नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकी योजली. सर्व्हरने एक छोटी खूण द्यायची आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर ती परत दाखवायची, एवढीच ही कल्पना आहे. नावाच्या उगमाविषयी मात्र मतभेद दिसतात. चिठ्ठी दडवलेल्या ‘फॉर्च्यून कुकी’ या बिस्किटावरून ते आल्याचे काही ठिकाणी सांगितले जाते. वाटेवर पावाचे तुकडे टाकत जाणाऱ्या मुलांच्या युरोपीय लोककथेशीही त्याचा संबंध जोडला जातो. तथापि युनिक्स प्रणालीवर काम करणाऱ्यांत ‘मॅजिक कुकी’ हा शब्द आधीपासून रूढ होता. आत काय आहे हे न पाहता घ्यायची आणि तशीच परत करायची खूण, असा त्याचा अर्थ. माँटुली यांनीही हाच उगम सांगितला आहे, तेव्हा तो अधिक ग्राह्य वाटतो. तो वस्तूच्या स्वभावाशीही जुळतो, कारण बँकेच्या कुकीत ग्राहकाचे नाव किंवा शिल्लक बहुधा नसते. त्यात असतो फक्त एक लांब क्रमांक. बाकी सारे त्या क्रमांकासमोर सर्व्हरवर लिहिलेले असते.

‘सत्र संपले’ म्हणजे काय? कुकीसोबत Expires किंवा Max-Age हा मुदतीचा उल्लेख असेल, तर ती तोवर डिस्कवर राहते. दोन्ही असल्यास Max-Age प्रमाण मानला जातो. मुदत दिलेलीच नसेल तर ती सत्र-कुकी ठरते, आणि ती कधी टाकून द्यायची याबद्दल मानकांची भाषा बदलत गेली आहे. नेटस्केपच्या मूळ टिपणात वापरणाऱ्याचे सत्र संपले की ती संपेल, असे म्हटले होते. सत्र कशाने संपते ते सांगितले नव्हते. १९९७ च्या आरएफसी २१०९ या इंटरनेट-मानकाने अर्थ पक्का केला : ब्राउझर बंद झाला की कुकी टाकून द्यावी. २०११ च्या आरएफसी ६२६५ ने तो पुन्हा सैल केला आणि सत्र केव्हा संपले हे ठरवण्याचा अधिकार ब्राउझरकडे दिला. तरतूद म्हणून १९९७ ची भाषा अधिक स्वच्छ होती, पण व्यवहार २०११ च्या बाजूने गेला. मागच्या वेळचे टॅब पुन्हा उघडण्याची सोय ब्राउझरांत आली, आणि टॅबांबरोबर सत्र-कुकीही परत आणल्या जाऊ लागल्या. त्यामुळे ब्राउझर बंद करून उघडला तरी एखाद्या संकेतस्थळाच्या दृष्टीने तो बंद झालेलाच नसतो. संगणकावर काही ब्राउझर शेवटची खिडकी मिटल्यावरही पार्श्वभूमीत चालू राहतात, ही आणखी एक अडचण. ‘बंद करताना पुसा’ असे सांगूनही न पुसल्याची तक्रार पुष्कळदा येथूनच येते.

सर्व्हरकडील घड्याळ. बँकेची घाई हा ब्राउझरचा विषयच नव्हे. सर्व्हर प्रत्येक सत्रासमोर शेवटच्या विनंतीची वेळ टिपतो, आणि ठरलेला अवधी विनंतीविना गेला की नोंद रद्द करतो. याला निष्क्रियतेची मर्यादा म्हणतात. काम सतत चालू असले तरी काही तासांनी सत्र संपवणारी एकूण मर्यादा वेगळी असते. ओवास्प ही सुरक्षाविषयक संस्था जोखमीच्या व्यवहारांसाठी २ ते ५ मिनिटे आणि कमी जोखमीच्या कामांसाठी १५ ते ३० मिनिटे अशी निष्क्रियतेची मर्यादा सुचवते. युरोपीय संघाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार ऑनलाइन खाते पाहताना ती ५ मिनिटांपेक्षा अधिक असू शकत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत मधल्या सुरक्षापातळीसाठी ३० मिनिटे आणि सर्वोच्च पातळीसाठी १५ मिनिटे होती. कार्डव्यवहारांच्या पीसीआय डीएसएस मानकातील १५ मिनिटांचा दाखला या संदर्भात वारंवार दिला जातो, तो गैरलागू आहे. ते कलम कार्डधारकांची माहिती हाताळणाऱ्या यंत्रणांच्या वापरकर्त्यांसाठी आहे. कार्डधारक ग्राहकांची खाती त्यातून वगळलेली आहेत.

‘निष्क्रियता’ हा शब्द फसवा आहे. सर्व्हरला माउस हललेला दिसत नाही, अक्षर टंकलेले दिसत नाही. त्याला फक्त येणारी विनंती कळते. लांब अर्ज भरत बसलेला माणूस त्याच्या लेखी झोपलेलाच असतो. काही बँकांची पाने टंकन चालू असताना मधूनमधून एक छोटी विनंती पाठवून हे टाळतात, काही पाने टाळत नाहीत. पानावर दिसणारा उलटा गणक ही तर तिसरीच गोष्ट. तो ब्राउझरमध्ये चालतो, आणि मागे पडलेल्या टॅबमधील असे गणक ब्राउझर वीज वाचवण्यासाठी मंदावतात. क्रोममध्ये बराच वेळ झाकलेल्या टॅबचा गणक मिनिटातून एकदाच जागा होऊ शकतो. संगणक निद्रावस्थेत गेला तर तो थांबतोच. सर्व्हरचे घड्याळ मात्र चालू राहते. पानावर दोन मिनिटे शिल्लक दिसत असताना बाहेर काढले जाणे हे यामुळे शक्य होते.

एक उदाहरण. बँकेची निष्क्रियतेची मर्यादा ५ मिनिटे आहे, आणि वापरणाऱ्याने ब्राउझर बंद होताना कुकी पुसण्याची सेटिंग चालू ठेवली आहे असे धरू. लॉगिन झाल्यावर सर्व्हर दोन कुकी देतो :

```
Set-Cookie: SID=a81f; Path=/; Secure; HttpOnly
Set-Cookie: devid=7c20; Max-Age=7776000; Path=/; Secure; HttpOnly
```

पहिली सत्र-कुकी आहे. दुसरी हे यंत्र ओळखीचे असल्याची खूण असून तिची मुदत ७७,७६,००० सेकंद, म्हणजे ९० दिवस आहे. सकाळी दहा वाजता लॉगिन करून त्याने नवा लाभार्थी जोडण्याचा अर्ज उघडला, खाते क्रमांक दोनदा ताडून पाहिला आणि दहा वाजून सहा मिनिटांनी बटण दाबले. लॉगिनचे पान आले. ब्राउझर तर बंद केलाच नव्हता. SID बटण दाबेपर्यंत जागेवर होती, पण तिच्यासमोरची नोंद सर्व्हरवर उरली नव्हती. त्याने पुन्हा लॉगिन केले, काम उरकले आणि संध्याकाळी ब्राउझर मिटला. आता सफाईत devid गेली. ९० दिवसांची खूण पहिल्याच दिवशी संपली, आणि दुसऱ्या सकाळी बँकेने यंत्र अनोळखी ठरवून जादा ओटीपी मागितला.

सकाळची घटना बँकेची आणि संध्याकाळची ब्राउझरची. दोन्ही वेगळ्या ओळखण्यासाठी F12 ने विकसक-साधने उघडून फायरफॉक्समध्ये Storage आणि क्रोममध्ये Application या भागातील कुकींची यादी पाहावी. मुदतीच्या रकान्यात Session असे लिहिलेली ती सत्र-कुकी. बाहेर काढले गेल्यावर SID पाहून निर्णय करू नये, कारण लॉगिनचे पान देतानाच सर्व्हर बहुधा नवी SID देतो आणि ती जुनीच असल्याचा भास होतो. खरा साक्षीदार devid सारखी दीर्घ मुदतीची कुकी. ती तशीच असेल तर सफाई झालेली नाही आणि नोंद सर्व्हरनेच रद्द केली आहे. तीही नसेल तर ब्राउझरची सेटिंग, खासगी खिडकी किंवा बाहेरून कुकी पुसणारे एखादे सॉफ्टवेअर यांच्याकडे पाहावे.

सेटिंग आणि अपवाद. फायरफॉक्समध्ये ही सोय Delete cookies and site data when Firefox is closed या नावाने गोपनीयतेच्या विभागात आहे. नावातील ‘site data’ महत्त्वाचे. कुकीखेरीज संकेतस्थळांनी ब्राउझरच्या स्थानिक साठ्यात ठेवलेली माहितीही त्यात जाते, म्हणून लॉगिनची खूण कुकीऐवजी तेथे ठेवणारी संकेतस्थळेही विसरतात. जवळच्या Manage Exceptions मध्ये निवडक पत्त्यांना सवलत देता येते. सवलत देऊनही लॉगिन टिकत नसेल तर बहुतेक वेळा पत्ता अपुरा असतो. खाते https://www.bank.example येथे दिसते, पण ओळख पटवणारे पान https://login.bank.example येथे असते, किंवा सर्वस्वी वेगळ्या नावाखाली. ओळखीची कुकी त्या दुसऱ्या पत्त्याची असते. लॉगिन करताना पत्त्याच्या पट्टीत काय काय येऊन जाते ते पाहून दोन्ही पत्ते नोंदवावे लागतात. वरील उदाहरणात असा अपवाद घातल्यास जादा ओटीपी थांबेल. पाच मिनिटांची मर्यादा तशीच राहील, कारण ती त्या यंत्रावर नाहीच.

याच्या उलट चूकही होते. टॅब परत आणण्याची सोय आणि कुकी-सफाई दोन्ही चालू असतील, तर टॅब जसेच्या तसे उघडतात पण सगळे लॉगिनच्या पानावर. ब्राउझर बिघडला असा समज होतो. प्रत्यक्षात दोन्ही सेटिंग आपापले काम चोख करत असतात.

सेव्ह केलेले पासवर्ड या सफाईत सहसा जात नाहीत. फायरफॉक्स कुकी cookies.sqlite मध्ये आणि पासवर्ड logins.json मध्ये ठेवतो. क्रोमचे साठेही असेच वेगवेगळे आहेत. ‘लॉगिन गेले’ असे म्हणणाऱ्याच्या चौकटीत नाव आणि पासवर्ड आपोआप भरले जात असतील तर गेली ती फक्त कुकी. चौकट रिकामी असेल तर पासवर्ड मुळात साठवलाच गेला नव्हता, पुसण्याच्या यादीत पासवर्डचीही खूण केलेली आहे, किंवा लॉगिनच्या पानाचा पत्ता बदलल्यामुळे ब्राउझरला तो जुळवता आला नाही, यांपैकी एक कारण संभवते.

मुदतवाढीची सूचना. वेब-सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी मानकात सत्र संपण्यापूर्वी सूचना देऊन, साध्या कृतीने मुदत वाढवायला किमान २० सेकंद द्यावेत असा एक पर्याय आहे. वेळेची मर्यादा त्या कामासाठी अपरिहार्य असल्यास सूट मिळते. सूचनेतले ‘चालू ठेवा’ हे बटण सर्व्हरला विनंती पाठवते आणि निष्क्रियतेचे घड्याळ पुन्हा शून्यावर आणते. एकूण मर्यादेवर मात्र त्याचा परिणाम होत नाही.